व्हिजन, मिशन आणि पोझिशनिंग: तीन गोष्टी, एकच खिचडी का होते?

वडीगोद्रीचा माझा एक मित्र विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाईलवर चालणारा बॉक्स बनवतो. मागच्या महिन्यात त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक परिच्छेद पाठवला आणि विचारलं, "बघ रे, बरोबर आहे का?"

"तंत्रज्ञानाच्या माध्यमातून शेतकऱ्यांना दर्जेदार व किफायतशीर सेवा देऊन त्यांचं जीवन सुकर करणारी देशातील अग्रगण्य कंपनी बनणे."

मी म्हटलं, "यातून तुझं नाव काढ आणि बियाणं विकणाऱ्याचं टाक. काही बदललं का?" नाही बदललं. खताच्या दुकानालाही हे वाक्य चाललं असतं. त्याने बारा जणांना बॉक्स चालवून दाखवला होता, पण घेतला एकानेही नाही. सगळ्यांचं उत्तर एकच: "ऑटो आहे की माझ्याकडं!"

मग आम्ही त्या परिच्छेदाचे तीन भाग केले.

व्हिजन: जग कसं दिसायला हवं?

व्हिजनमध्ये कंपनी नसते, बदललेलं चित्र असतं. मित्राचं व्हिजन असं निघालं: "रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला एकाही शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावं लागू नये."

हे एकट्याने पूर्ण होणार नाही. उद्या सगळीकडे दिवसा वीज मिळाली तर त्याच्या बॉक्सशिवायही ते पूर्ण होईल. तरी चालेल, कारण व्हिजन ही दिशा असते. "अग्रगण्य कंपनी बनणे" हे मात्र व्हिजन नाही. त्यात आपलं भलं आहे, शेतकऱ्याचं काय बदललं ते नाही.

मिशन: आपण रोज काय करतो?

"अंबड तालुक्यातल्या ऊस आणि मोसंबीवाल्यांच्या मोटारीला बॉक्स बसवणे आणि बिघडला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून देणे." काम काय, कोणासाठी आणि कुठे, हे तिन्ही यात आहे.

मिशन नीट जमलंय का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यावरून "नाही" म्हणता येतं का ते बघा. मित्राला कुणीतरी ड्रोन फवारणीचं काम देऊ केलं होतं. जुन्या परिच्छेदात तेही बसत होतं. नव्या वाक्यात बसत नाही, म्हणून त्याने ते सोडलं.

पोझिशनिंग: गिऱ्हाईक आपल्याला कशाशेजारी ठेवतं?

खरी अडचण इथे होती. पोझिशनिंग लिहायच्या आधी एक प्रश्न विचारा: आपण नसतो तर या माणसाने काय केलं असतं? इथे उत्तर सरळ होतं: त्याने ऑटो स्विच लावला असता. लाईट आली की ऑटो आपोआप मोटार चालू करतो. पण विहिरीतलं पाणी तुटलं, तर साधा ऑटो मोटार बंद करत नाही. ती कोरडी चालत राहते, तापते आणि जळते. पाणी तुटल्यावर मोटारीचा करंट कमी होतो. मित्राचा बॉक्स ते ओळखून मोटार बंद करतो आणि फोनवर कळवतो.

मी विचारलं, "पण बाजारातले काही मोबाईल स्टार्टरही हे करतात, मग तुझाच का घ्यावा?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते बिघडले की पार्सल करून कंपनीला पाठवावे लागतात. मी गावातच आहे."

झालं! पोझिशनिंग तयार: "ज्यांच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तुटतं त्यांच्यासाठी मोटार जळू न देणारा स्टार्टर, जो बिघडला तर दुसऱ्या दिवशी गावातच दुरुस्त होतो." उद्या दुसऱ्या कुणी गावात दुरुस्ती सुरू केली, तर हे वाक्य बदलावं लागेल. व्हिजन मात्र तेच राहील.

एक चांगलं असून दुसरं चुकलं तर?

टाटा नॅनो आठवा. पावसात स्कूटरवर जाणारं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली होती. व्हिजन स्पष्ट होतं: अशा कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावं. 2008 मध्ये लाखाची गाडी लोकांसमोर आलीही. पण लोकांच्या डोक्यात ती "सगळ्यात स्वस्त कार" म्हणून बसली, आणि घरासमोर स्वस्तातली कार उभी करायला लोक कचरले. ते लेबल चुकलं, हे टाटांनी स्वतः नंतर मान्य केलं. व्हिजन चांगलं असलं तरी चुकलेलं पोझिशनिंग त्याने झाकलं जात नाही.

तुमचा परिच्छेद तपासायचा असेल, तर प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे जगाबद्दल आहे, आपल्या कामाबद्दल आहे, की गिऱ्हाइकाच्या निवडीबद्दल? एकाच वाक्याला तीन उत्तरं आली, तर ते वाक्य तोडा. एकही आलं नाही, तर खोडून टाका.

मित्र आता शेतकऱ्याला आधी विचारतो, "काका, उन्हाळ्यात पाणी तुटतं का?" नाही म्हणाले तर बॉक्स पिशवीतून बाहेरच काढत नाही.