वहीतले अकरा लाख आणि हिशेबातले साडेतेवीस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारी तीन भागीदारांची एक पेढी आहे, असे समजू. नफ्यात थोरल्याचे तीन, मधल्याचे दोन आणि धाकट्याचा एक, असे सहा वाटे. 30 जूनला मधला भागीदार अचानक गेला. दिवस-कार्य झाल्यावर थोरला घरी येऊन म्हणतो, "वहिनी, वहीत भाऊंच्या खात्यावर अकरा लाख निघतात. काळजी करू नका, देऊन टाकू."

माणूस खोटे बोलत नाही. भांडवल खात्यावर अकरा लाखच दिसतात. पण गेलेल्या भागीदाराचे घेणे तेवढेच असते, हा समज चुकीचा आहे. भांडवल खात्यात माणसाने घातलेला पैसा आणि वर्षअखेरीला जमा झालेला नफा एवढेच असते. पेढीच्या गाळ्याची वाढलेली किंमत त्यात नसते, अर्ध्यात तुटलेल्या वर्षाचा नफा नसतो आणि गिऱ्हाईक ज्या नावावर विसंबून येते, त्या नावाची किंमतही नसते.

पहिले पाऊल मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन. पेढीचा गाळा वहीत 14 लाखांना आहे, आज तो 32 लाखांचा. म्हणजे 18 लाखांची वाढ. दुसरीकडे उधारीतले 2 लाख 40 हजार बुडाल्यातच जमा आणि भाव उतरल्यामुळे शिल्लक हळदीत 60 हजारांची घट. निव्वळ वाढ 15 लाख, आणि मधल्याचा वाटा सहापैकी दोन, म्हणजे 5 लाख. राखीव निधीत 3 लाख साठले होते, त्यातला 1 लाख त्याचा. इथवर फारसा वाद होत नाही. गाळ्याची किंमत कोणी ठरवायची यावर थोडी ओढाताण होते, पण मूल्यांकनकार नेमला की ती मिटते.

खरी खडाजंगी गुडविलवरून होते. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत त्याला ख्याती म्हणतात. भागीदारीपत्रात मोजण्याची पद्धत लिहिलेली असेल तर तीच चालते. आपल्या पेढीच्या पत्रात 'मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट' असे आहे. वहीतले नफे 8 लाख 20 हजार, 8 लाख 80 हजार आणि 12 लाख 40 हजार. तिसरा आकडा मात्र तसाच घेता येत नाही. त्या वर्षी पेढीने जुने गोदाम विकले होते आणि त्यातून सुटलेले 2 लाख 40 हजार नफ्यात धरले होते. गोदाम काही दरवर्षी विकले जात नाही. तेवढे वगळले की तिसऱ्या वर्षाचा नफा 10 लाख, सरासरी 9 लाख आणि गुडविल 18 लाख. मधल्याचा तिसरा हिस्सा 6 लाख.

पत्रात पद्धत लिहिलेली नसती तर? मग थोरल्याच्या लेखापालाने जादा नफ्याची पद्धत पुढे केली असती. पेढीत 40 लाख गुंतले आहेत. अशा धंद्यात 15 टक्के, म्हणजे 6 लाख, कोणालाही सुटतील. त्यावरचे 3 लाख हीच काय ती नावाची कमाई. तिच्या तिप्पट 9 लाख. शिवाय सगळी मालमत्ता आजच्या भावाने धरली की गुंतवणूक 55 लाखांची होते, अपेक्षित नफा सव्वाआठ लाखांवर जातो, जादा नफा 75 हजारांवर येतो आणि गुडविल उरते अवघे सव्वादोन लाख. धंदा तोच, वह्या त्याच, आणि आकडा 18 लाखांवरून सव्वादोन लाखांवर. पद्धतीचे एक वाक्य पत्रात असणे किती मोलाचे, हे यावरून मोजता येते.

काही पेढ्या याहून सोपा पवित्रा घेतात: धंदा आम्ही चालू ठेवतो आहोत, तेव्हा गुडविल आमचेच. 1970 साली मुंबईतल्या मुकादमीच्या एका पेढीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भागीदाराच्या मृत्यूने पेढी मोडणार नाही, उरलेले भागीदार ती चालवतील, असे त्यांच्या पत्रात होते. न्यायालयाने सांगितले की या कलमाने धंदा चालू राहतो, वारसांचा गुडविलमधला हक्क संपत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 14 गुडविलला पेढीच्या मालमत्तेतच धरते.

हे 6 लाख देणार कोण? मधल्याचे दोन वाटे आता थोरल्याकडे आणि धाकट्याकडे जातात. वेगळे काही ठरले नसेल तर त्यांच्या आपसातल्या तीनास एक या प्रमाणातच. म्हणून थोरल्याच्या भांडवलातून साडेचार लाख आणि धाकट्याच्या भांडवलातून दीड लाख कमी होऊन मधल्याच्या खात्यावर जमा होतात. ज्याचा वाटा जितका फुगला, त्याने तितका भार उचलायचा. गुडविल स्वतंत्र मालमत्ता म्हणून वहीत चढवले जात नाही, कारण ते विकत घेतलेले नसते.

आता राहिले एप्रिल ते जूनचे तीन महिने. सोपा रस्ता म्हणजे गेल्या वर्षीच्या 10 लाख नफ्याचा चौथा भाग. त्यात मधल्याचे 83 हजार 333. पण हळदीचा हंगाम उन्हाळ्यातला. वर्षाची उलाढाल दोन कोटी असणाऱ्या या पेढीने याच तीन महिन्यांत 78 लाखांची विक्री केली आहे. गेल्या वर्षी विक्रीवर पाच टक्के नफा सुटला होता. त्या हिशेबाने तिमाहीचा नफा 3 लाख 90 हजार आणि मधल्याचा वाटा 1 लाख 30 हजार. हंगामी धंद्यात महिने मोजण्यापेक्षा विक्री मोजणे न्याय्य. मात्र इथेही शेवटचा शब्द भागीदारीपत्राचा.

बेरीज अशी: भांडवल 11, राखीव निधी 1, पुनर्मूल्यांकन 5, गुडविल 6 आणि नफा 1.30, मिळून 24 लाख 30 हजार. तीन महिन्यांत त्याने केलेली 80 हजारांची उचल वजा केली की साडेतेवीस लाख.

भागीदार हयात असताना निवृत्त झाला तरी आकडेमोड हीच. फरक जबाबदारीत आहे. मृत्यूनंतर पेढीने केलेल्या व्यवहारांना वारसांची मालमत्ता बांधील नसते आणि त्यासाठी जाहीर नोटिशीची गरज नाही. निवृत्त भागीदार मात्र, नोटीस निघेपर्यंत, त्याला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांना जबाबदार राहू शकतो. पैसे घेऊन घरी बसलेल्या माणसाकडे नंतरच्या उधारीचा तगादा येतो तो त्यामुळे.

पेढी दोघांचीच असेल तर गोष्टच वेगळी: एक गेला की भागीदारी संपली, उरलेला माणूस एकटा मालक.

साडेतेवीस लाख एका दमात निघणे कठीण असते. भांडवल मालात आणि उधारीत अडकलेले असते. म्हणून हप्ते ठरतात आणि रक्कम कर्ज म्हणून पेढीच्या खात्यावर वळवली जाते. हिशेब न करताच धंदा पुढे रेटला, तर कलम 37 वारसांना निवड देते: आपल्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा, नाहीतर हिश्श्याच्या रकमेवर दरसाल 6 टक्के व्याज. पत्रात वेगळा करार असेल तर तो आधी. वहिनींच्या बाबतीत हे व्याज वर्षाला 1 लाख 41 हजार होते. पेढी जोरात असेल तर त्या नफ्याचा वाटा मागतील, मंदीत असेल तर व्याज. यातले काय घ्यायचे हे त्या ठरवतात, थोरला नाही.