माळ्याच्या शिडीचं वजन जमिनीवरच पडावं

पॅसेजवरच्या माळ्यासाठी झडपेआड दुमडून राहणारी, ओढली की खाली येणारी शिडी सोयीची असते. ती घेताना आधी माप पक्कं करा. पॅसेजच्या फरशीपासून माळ्याच्या फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उंची मोजा. नुसती छतापर्यंतची उंची घेतली, तर फळी आणि तुळईच्या जाडीइतकी शिडी आखूड पडते.

समजा, ही उंची ८ फूट, म्हणजे ९६ इंच आहे. शिडी जमिनीशी साधारण ७० अंशांचा कोन करते असं धरलं, तर तिची लांबी सुमारे १०२ इंच लागेल आणि तिचे पाय वरच्या टोकाच्या सरळ खालून सुमारे ३५ इंच पुढे टेकतील. उघडताना मात्र ती याहून पुढे झुलते. म्हणून ती पॅसेजच्या लांबीच्या दिशेने उघडावी आणि वाटेत दार येत नाही ना, ते आधी पाहावं. तेवढी जागा नसेल, तर कात्रीसारखी मिटणारी शिडी बघा.

शिडी बसवताना तळाचे पाय जागेवर कापून बेतावे लागतात आणि चूक बहुधा इथेच होते. पाय आखूड कापले, तर ते अधांतरी राहतात आणि चढणाऱ्याचं सगळं वजन बिजागऱ्यांवर व वरच्या स्क्रूंवर येतं. जास्त लांब ठेवले, तर सांधे सरळ होत नाहीत आणि शिडी मधेच वाकलेली राहते. म्हणून शिडी ताणून धरा, शेवटच्या सांध्यापासून फरशीपर्यंत पुढच्या आणि मागच्या कडेचं माप वेगवेगळं घ्या आणि त्या तिरकसपणानेच कापा. नंतर खालच्या पायरीवर उभं राहून बघा. सांध्यांत फट दिसू नये आणि दोन्ही पाय फरशीला पूर्ण टेकावेत.

चौकट जिप्सम किंवा पीओपीच्या छताला कधीच अडकवू नका. ती लाकडी तुळयांना किंवा लोखंडी अँगलला बोल्टने आवळावी. बिजागऱ्यांमागची पोकळी लाकडी पाचरांनी भरावी, नाहीतर बोल्ट आवळताना चौकट वाकते. माळा आरसीसीचा असेल, तर झडपेसाठी स्लॅब फोडू नका. आतल्या सळ्या कापल्या, तर स्लॅबची ताकद जाते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून होकार दिल्याशिवाय त्याला हात लावू नये. त्यापेक्षा माळ्याच्या उघड्या बाजूने अडकवायची शिडी बरी.

घरच्या वापराला ॲल्युमिनियम चांगलं. ते हलकं असतं आणि कोकणातल्या दमट हवेत गंजत नाही, पण शिडीजवळ उघडी वायर असता कामा नये. पाइनचं लाकूड पायाला बरं वाटतं. मात्र पावसाळ्यात ते फुगून झडप अडकते, शिवाय वाळवीचीही भीती असते. लोखंडी शिडी मजबूत असली तरी जड असते आणि तिला रंगाची निगा लागते.

शिडीवर लिहिलेल्या भारक्षमतेत स्वतःच्या वजनाबरोबर हातातल्या ट्रंकेचं वजनही धरा. पायऱ्या खडबडीत हव्यात. झडपेच्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, त्यामुळे त्या सोडवण्याचं काम जाणकारालाच द्या.