कोड्यातला क्लू चुकलाय, पण नेमका कुठे?

आजचा भाग माझ्याच एका फजितीवर आहे. गेल्या गणपतीत सोसायटीतल्या पोरांसाठी मी एक कोडं बनवलं. पाच जण एका रांगेत बसलेत, आठ क्लू दिलेत, कोण कुठे बसलंय ते सांगा. तासभर पोरं कागद खोडत बसली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "दादा, हे सुटतच नाही." आणि तिचं बरोबर होतं.

क्लू असे होते. खुर्च्या १ ते ५, आपण समोरून बघतोय, डावीकडून मोजायचं.

१. अमित भाग्याच्या डावीकडे कुठेतरी.
२. चेतन बरोबर मध्ये.
३. अमित आणि ईशान शेजारी नाहीत.
४. दीपा चेतनच्या शेजारी.
५. भाग्या दीपाच्या डावीकडे कुठेतरी.
६. ईशान टोकाला नाही.
७. दीपा अमितच्या उजवीकडे कुठेतरी.
८. भाग्या आणि ईशान शेजारी नाहीत.

यातले कुठलेही दोन क्लू समोरासमोर ठेवा, भांडण दिसणार नाही. म्हणून नुसतं वाचून चूक सापडत नाही. मग काय करायचं? शक्य असलेल्या रचना मोजायच्या. पाच जणांच्या एकूण रचना १२०. पहिल्या क्लूनंतर ६० उरतात, दुसऱ्यानंतर १२, तिसऱ्यानंतर ८, चौथ्यानंतर ४. पाचव्यानंतर एकच: अमित, भाग्या, चेतन, दीपा, ईशान. इथे ईशान पाचव्या खुर्चीवर, म्हणजे टोकाला. आणि सहावा क्लू म्हणतो टोकाला नाही. उरले शून्य! म्हणजे विरोध पहिल्यांदा दिसतो तो सहाव्या क्लूला.

आता क्लू हजार असते तर? एकेक करत जायची गरज नाही. क्लू रचना फक्त कमी करतो, वाढवत कधीच नाही. म्हणून एकदा शून्य झालं की पुढे शून्यच राहणार. त्यामुळे अर्ध्यावर उडी मारता येते, म्हणजे आपलं बायनरी सर्च. पहिले ४ क्लू घेतले, चालतात. पहिले ६ घेतले, नाही चालत. पहिले ५, चालतात. तीन तपासण्यांत उत्तर सहा. हजार क्लूंना साधारण दहा तपासण्या पुरतात. फक्त प्रत्येक वेळी पाटी कोरी करून पहिल्या क्लूपासून तपासा. आधीच्या तपासणीतल्या खुणा राहिल्या तर उत्तर चुकतं.

आता खरी गंमत. सहावा क्लू सापडला म्हणून तोच गुन्हेगार का? नाही! तोच क्लू उचलून सगळ्यात वर ठेवा. आता भांडण "भाग्या दीपाच्या डावीकडे" या क्लूवर दिसेल. क्लू तेच, फक्त क्रम बदलला. म्हणजे "पहिल्यांदा कुठे" याचं उत्तर क्रमावर ठरतं. ती चूक लक्षात येण्याची जागा आहे. चूक तिथेच झाली असेल असं नाही.

मग भांडणात कोण कोण आहे ते कसं शोधायचं? सातवा आणि आठवा सोडून द्या, त्यांच्याशिवायच विरोध येतोय. उरलेल्या सहातून एकेक काढून बघा. एखादा काढल्यावरही विरोध राहिला, तर तो निर्दोष, त्याला कायमचा बाहेर ठेवा. विरोध गेला, तर तो भांडणात आहे, परत आत घ्या. आपल्याकडे फक्त तिसरा निर्दोष निघतो. बाकीचे पाच, म्हणजे १, २, ४, ५ आणि ६, मिळून भांडतात. त्यातला कुठलाही एक काढा, उरलेल्या चारांत भांडण राहत नाही.

इथे प्रोग्रामचं काम संपतं. पाचांपैकी कोणता क्लू चुकीचा, हे गणित सांगत नाही. ते कोडं बनवणाऱ्यालाच माहीत असतं. मी माझी जुनी वही काढली. उत्तर होतं अमित, भाग्या, चेतन, दीपा, ईशान. सहावा क्लू "ईशान टोकाला आहे" असा होता. टाइप करताना मी "नाही" करून ठेवलं होतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सगळ्या रचना मोजणं पाच जणांना ठीक आहे. दहा जण झाले की ३६ लाखांवर रचना होतात, लॅपटॉप तरीही करतो. पंधरा जणांना एक लाख कोटींच्या वर जातात. तिथे मोजत बसू नका, सॉल्व्हर वापरा. शोधायची रीत मात्र हीच राहते: आधी जागा, मग भांडणारे, आणि शेवटी वही.

त्या मुलीला बक्षीस मीच दिलं. कोडं सुटत नाही, हे तिनेच तर शोधलं होतं. भेटू पुढच्या भागात!