पुढच्या दाताचा रंग जुळवताना

पटाशीच्या एकाच दातावर कॅप किंवा व्हेनियर बसवायची असेल, तर शेजारच्या दाताशी तिची शेड जुळवण्याचे काम दात घासायला घेण्यापूर्वीच उरकावे लागते. तोंड बराच वेळ उघडे राहिले की इनॅमल सुकते आणि दात मूळ रंगापेक्षा पांढरट दिसू लागतो. अर्ध्या तासात तो पुरता पूर्ववत होतोच असे नाही. उपचारानंतर निवडलेली शेड म्हणूनच बहुधा जास्त उजळ निघते.

दुसरी अडचण उजेडाची. सिरॅमिक आणि इनॅमल एका दिव्याखाली सारखे दिसतात, पण दुसऱ्याखाली वेगळे, कारण प्रकाशातले निरनिराळे रंग दोन्ही पदार्थ सारख्या प्रमाणात परतवत नाहीत. खुर्चीवरचा प्रखर दिवा बंद करून दुपारच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन टाळून पाहणे चांगले; सकाळ-संध्याकाळचा उजेड तांबूस असतो. तशी सोय नसेल तर सुमारे ५५०० केल्व्हिनचा, रंग खरे दाखवणारा दिवा वापरतात. लिपस्टिक पुसून, भडक कपडे राखाडी कापडाने झाकून, शेड गाइडमधली पट्टी दाताशेजारी पाच-सात सेकंदच धरावी. जास्त वेळ पाहिले तर डोळा थकतो आणि फरक कळेनासा होतो.

प्रचलित गाइडमध्ये ए, बी, सी, डी असे गट आहेत. ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा आणि डी तांबूस-करडा. पण आधी पाहायची ती उजळता. छटेतली किंचित चूक खपून जाते, उजळतेतली मात्र बोलतानाही जाणवते. म्हणून पट्ट्या उजळतेच्या क्रमाने लावून, डोळे किलकिले करून तुलना करतात.

समजा, लहानपणी मार लागून रूट कॅनॉल झालेला, काळवंडलेला दात आहे. लॅबला नुसते ‘ए२’ कळवले, तर कॅप सपाट दिसेल आणि तिच्याखालचा काळपटपणा डोकावून ती करडी पडेल. शेजारच्या दाताचा नकाशाच काढून द्यावा लागतो: हिरडीजवळ ए३, मध्ये ए२, कडेला निळसर पारदर्शक पट्टा, डाव्या कोपऱ्याशी पांढरा ठिपका. घासलेल्या बुंध्याची शेडही स्वतंत्र कळवावी. त्यावरूनच टेक्निशियन सिरॅमिक किती अपारदर्शक घ्यायचे ते ठरवतो. पातळ व्हेनियरला असा काळपटपणा झाकणे फारसे जमत नाही.

सोबतच्या फोटोत पट्टी दाताच्याच पातळीत, कडेला कड लावून धरलेली आणि तिचा क्रमांक वाचता येईल अशी असावी. ती पुढे आली तर उजळ भासते, मागे गेली तर काळपट. चकाकीमुळे रंग दिसत नसेल तर ध्रुवीकरण फिल्टर लावून आणखी एक फोटो काढावा.

तयार कॅप लगेच सिमेंटने चिकटवू नये. आधी ट्राय-इन पेस्टवर बसवून, दात ओला ठेवून, खिडकीपाशी आणि ट्यूबलाइटखाली पाहावी. फरक दिसला, तर नवा फोटो काढून ती लॅबकडे परत पाठवता येते.