लाल साडी हिरवी करताना

जाहिरातीचं चित्रीकरण आटोपतं, संकलनही होतं आणि मग ठरतं की नायिकेची लाल रेशमी साडी हिरवी हवी. पुन्हा चित्रीकरण परवडणारं नसतं, म्हणून काम कलरिस्टकडे येतं. डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी क्वालिफायर असतो.

क्वालिफायरला साडी कळत नाही, फक्त रंग कळतो. साडीवर क्लिक केलं की तिथल्या रंगाचे तीन गुण तो टिपतो: ह्यू म्हणजे रंग कोणता, सॅच्युरेशन म्हणजे तो किती रसरशीत आणि ल्युमिनन्स म्हणजे किती उजळ. कलरिस्ट या तिन्हींच्या मर्यादा ठरवतो. त्यांत बसणारा चित्रातला प्रत्येक ठिपका निवडला जातो. हायलाइट चालू केलं की निवडलेलं तेवढं रंगीत दिसतं, बाकी सगळं करडं.

लाल साडीची खरी अडचण इथे उघडी पडते. गोरी असो वा सावळी, माणसाच्या त्वचेचा ह्यू लाल आणि पिवळ्याच्या मध्ये असतो. त्यामुळे साडीबरोबर ओठ, गाल, कुंकूही निवडीत येतात. सॅच्युरेशनची खालची मर्यादा वर नेली की गाल सुटतात, कारण त्वचेचा रंग साडीपेक्षा फिका असतो. पण रेशमावर जिथे दिवा चमकतो तिथला रंगही पांढरट असतो, तोही सुटतो आणि हिरव्या साडीच्या निऱ्यांवर गुलाबी डाग राहतात.

म्हणून मी म्हणेन, सगळं क्वालिफायरकडून करून घेण्याचा हट्ट धरू नये. मर्यादा थोड्या सैल ठेवाव्यात, साडीभोवती विंडो आखावी आणि ती शरीराच्या हालचालीबरोबर ट्रॅक करावी. चेहरा आणि कुंकू विंडोबाहेर राहतात. हात पदरासमोरून गेला तर त्याच्यासाठी वेगळी विंडो आखून तो निवडीतून वजा करावा लागतो. जरीचे काठ सोनेरी, पिवळ्याकडे झुकणारे, त्यामुळे ते बहुतेक आपोआप वाचतात.

ह्यू फिरवल्यावर पहिला हिरवा भडक, प्लॅस्टिकसारखा येतो. सॅच्युरेशन कमी करून आणि उजळपणा किंचित उतरवून त्याला रेशमाचा बाटली हिरवा करावा लागतो. साडी पांढरी असती तर ह्यू फिरवून काहीच झालं नसतं, कारण तिच्यात फिरवायला रंगच नाही.

थांबलेल्या चित्रावर समाधान मानू नये. शॉट चालवला की साडीची कड सळसळताना दिसते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या 4:2:0 नोंदीत चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद असते, म्हणून कड खडबडीत येते. निवडीला थोडा ब्लर दिला की ती शांत होते, जास्त दिला तर दंडावर हिरवी छटा पसरते. हनुवटीखाली पडलेला साडीचा लाल उजेड मात्र तसाच राहतो. त्यासाठी छोटी विंडो आणि दुसरा क्वालिफायर लावून तिथलं सॅच्युरेशन उतरवावं लागतं.