व्हॉट्सअ‍ॅप अचानक बंद झालं? मशीनने काय पाहिलं आणि माणसाला काय सांगायचं

समजा, एकजण कांद्याची रोपवाटिका चालवतो. त्याने नवीन सिम घेतलं, जुन्या वहीतले ३०० नंबर फोनमध्ये भरले आणि ‘रोपं तयार आहेत, भाव अमुक’ हा एकच मेसेज दुपारभर एकेकाला पाठवला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप बंद! ‘आपण काय वाईट लिहिलं होतं?’ हा त्याचा पहिला प्रश्न.

वाईट काहीच नव्हतं. मुळात मशीनने तो मेसेज वाचलाच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कुलूपबंद जातात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मशीन मुख्यतः वागणूक बघतं: नंबर किती जुना, मेसेज किती वेगाने सुटले, समोरच्यांकडे हा नंबर सेव्ह आहे का, किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं. नवा नंबर, एका दुपारी ३०० अनोळखी लोक, त्यात दहा-बाराजणांनी ब्लॉक केलं. फसवणूक करणाऱ्या टोळीचा नंबरही अगदी असाच दिसतो. रोपवाला आणि ठग यांच्यातला फरक या आकड्यांत नसतोच.

हा फरक माणसाला कळू शकतो, पण तो आपणच सांगावा लागतो. बंद खात्याच्या स्क्रीनवर ‘Request a review’ असं बटण येतं. ते दाबलं की एसएमएसवर सहा अंकी कोड येतो. तो भरल्यावर आपलं म्हणणं लिहायला जागा मिळते. बरेच जण तिथं ‘प्लीज चालू करा’ एवढंच लिहितात. तपासणाऱ्याला त्यातून काय कळणार? त्याच्यासमोरही आपल्या सगळ्या चॅट नसतात. कोणी रिपोर्ट केलं असेल, तर आपण त्याला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज तेवढे कंपनीकडे गेलेले असतात.

म्हणून मशीनला माहीत नसलेलं लिहा. रोपवाल्याने असं लिहावं: ‘माझी रोपवाटिका आहे. हे ३०० लोक माझे जुने गिऱ्हाईक आहेत, नंबर त्यांनीच दिले होते. सिम बदलल्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी कळवलं. पुढे असं करणार नाही.’ खरं असेल तेच लिहा. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखं नकली अ‍ॅप वापरत असाल, तर आधी ते काढून मूळ अ‍ॅप टाका. नाहीतर खातं सुरू होऊनही पुन्हा बंद पडेल.

रिव्ह्यूतही नकार आला, तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिता येतं. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. नकाराच्या उत्तराचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा.

आणि ‘पैसे द्या, नंबर चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला आपला सहा अंकी कोड चुकूनही सांगू नका.