दोन चिठ्ठ्या, एकच चष्मा

पनवेलला डोळे तपासायला नुसते पनवेलकर येत नाहीत. उरण, पेण, कर्जत, खालापूर, कधी थेट अलिबागहूनही माणसं येतात. उरण रस्त्यावरचं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट, नवीन पनवेलमधलं शंकरा हॉस्पिटल ही नावं त्या सगळ्या पट्ट्यात माहितीची आहेत. तपासणी इथं होते आणि चष्मा बनतो गावाकडच्या ओळखीच्या दुकानात. मग महिन्याभरानं शाळेत किंवा गणेशोत्सव मंडळात नेत्रतपासणी शिबिर भरतं, तिथं पुन्हा डोळे दाखवले जातात आणि घरात दुसरी चिठ्ठी येते. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, की घोळ सुरू होतो.

समजा, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीच्या उजव्या डोळ्याची पहिली चिठ्ठी अशी आहे: स्फिअर −१.२५, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस १८०. दुसरी म्हणते: स्फिअर −२.००, सिलिंडर +०.७५, ॲक्सिस ९०. आई म्हणणार, महिन्यात सव्वाचे दोन झाले, मोबाइल बंद. वडील म्हणणार, दोघांपैकी एक डॉक्टर चुकला. मायनसचं प्लस झालंय आणि १८० चे ९० झालेत, म्हणजे मशीनच बिघडलेलं असणार, असं म्हणणाराही कोणी भेटेल. यातलं काहीच खरं नाही. या दोन चिठ्ठ्यांवरून दोन दुकानांत चष्मे केले, तर दोन्ही काचा एकसारख्या बनतील.

ते कसं, हे कळायला तिन्ही आकडे काय सांगतात ते पाहायला हवं. स्फिअर म्हणजे सगळ्या दिशांना सारखी असलेली भिंगाची ताकद. ती डायॉप्टरमध्ये मोजतात आणि हा आकडा मीटरमधल्या अंतराशी उलटा बांधलेला असतो. नुसता −२.०० नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, −४.०० वाल्याला पाव मीटरपर्यंतचं, त्यापुढचं पुसट होत जातं. म्हणून −२.०० म्हणजे ‘दोन टक्के नजर गेली’ असं काही नसतं, आणि ६/६ हे वेगळंच माप आहे. चष्मा लावल्यावर फळ्यावरची कोणती ओळ वाचता येते, ते त्यातून कळतं. जाड मायनसचा चष्मा लावूनही ६/६ वाचणारी माणसं पुष्कळ असतात.

सिलिंडरचं प्रकरण जरा निराळं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सगळीकडून सारखा गोल असेल तर नुसत्या स्फिअरनं काम भागतं. पण बऱ्याच जणांचा कॉर्निया रबरी चेंडू दोन बोटांत हलकेच दाबावा तसा असतो, एका दिशेनं जास्त वाकलेला आणि तिच्या काटकोनात कमी. प्रकाश मग एका ठिकाणी गोळा होत नाही. अशा डोळ्याला उभ्या दिशेसाठी एक आणि आडव्या दिशेसाठी दुसरी ताकद लागते. सिलिंडरचा आकडा म्हणजे या दोन ताकदींमधला फरक, त्यापेक्षा जास्त काही नाही. याला लोक ‘तिरका नंबर’ म्हणतात आणि त्यातून मुलाचे डोळे तिरळे आहेत अशी भीती घरात शिरते. तिरळेपणाचा याच्याशी संबंध नाही. पाऊण सिलिंडर हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

आता ॲक्सिस. सगळ्यात मोठा आकडा हाच दिसतो, म्हणून सगळ्यात जास्त धसका याचाच. ‘एकशे ऐंशी नंबर आलाय’ असं सांगणारे लोक असतात. ही नुसती दिशा आहे, अंशांमध्ये. तपासणारा समोर बसून तुमच्या डोळ्याकडे बघतोय असं धरायचं. आडवी रेघ १८०, उभी रेघ ९०, बाकीचे आकडे त्यांच्या मधले. शून्य लिहीत नाहीत, त्याऐवजी १८० लिहितात. अंशाचं छोटं वर्तुळही बरेच जण मुद्दाम टाळतात, कारण घाईत लिहिलेलं १०° कोणी १०० वाचलं तर काच भलत्याच कोनात बसायची.

हा आकडा १८० वर संपून पुन्हा सुरू होतो, हे लक्षात घेतलं नाही तर आणखी एक घाबरगुंडी उडते. मागच्या वर्षी ॲक्सिस ५ होता, यंदा १७५ झाला, म्हणजे १७० नं वाढला, असं वाटतं. प्रत्यक्षात रेघ फक्त १० अंशांनी कलली आहे, आडवीच्या एका बाजूला होती ती दुसऱ्या बाजूला गेली. तसंच उजव्या डोळ्याचा १० आणि डाव्याचा १७० असेल, तर दोन्ही डोळे एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. दोघांत जमत नाही असा अर्थ त्यातून काढू नये.

ॲक्सिसबद्दलची खरी गोम मात्र वेगळीच आहे आणि दोन चिठ्ठ्यांचं कोडं तिच्यातच सुटतं. सिलिंडरच्या भिंगाला ॲक्सिसच्या दिशेनं काहीच ताकद नसते. सगळी ताकद असते तिच्या काटकोनात. पहिली चिठ्ठी पुन्हा वाचू. ॲक्सिस १८०, म्हणजे आडव्या दिशेनं सिलिंडरचा उपयोग शून्य, तिथं फक्त स्फिअरचे −१.२५. उभ्या दिशेनं स्फिअर आणि सिलिंडर दोन्ही, म्हणजे −१.२५ आणि −०.७५ मिळून −२.००. आता दुसरी. ॲक्सिस ९०, म्हणजे उभ्या दिशेनं फक्त स्फिअरचे −२.००. आडव्या दिशेनं −२.०० मध्ये +०.७५ मिळवले की −१.२५. दोन्ही चिठ्ठ्यांत आडवी ताकद −१.२५ आणि उभी −२.००. काच तीच, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या टोकापासून केली.

काही नेत्रतज्ज्ञ प्लस सिलिंडरनं लिहितात, ऑप्टोमेट्रिस्ट आणि दुकानदार बहुधा मायनसमध्ये. एका पद्धतीतून दुसरीत जायचं गणित चष्म्याच्या दुकानातला माणूस तोंडी करतो. स्फिअर आणि सिलिंडर यांची बेरीज म्हणजे नवा स्फिअर, सिलिंडरचं चिन्ह उलटं, ॲक्सिस ९० नं इकडे किंवा तिकडे, उत्तर १८० च्या आत राहील असं.

```
−१.२५ / −०.७५ × १८०
−१.२५ + (−०.७५) = −२.००
−२.०० / +०.७५ × ९०
```

मात्र तिन्ही आकडे एकत्र बदलायचे असतात. कोणी फक्त चिन्ह उलटं केलं आणि ॲक्सिस तसाच ठेवला, तर बनलेला चष्मा खरोखरच चुकीचा असतो आणि घातल्यावर डोकं दुखतं. काही डोळ्यांत तर स्फिअरचं चिन्हही उलटतं: +१.०० / −२.०० × १८० आणि −१.०० / +२.०० × ९० ही एकच काच आहे. तिथं ‘जवळचा नंबर होता, लांबचा झाला’ असं वाटणं साहजिकच आहे.

घरी पडताळायचं असेल तर एक सोपी खूण आहे. सिलिंडरच्या निम्मे स्फिअरमध्ये मिळवायचे. पहिल्या चिठ्ठीत −१.२५ आणि −०.३७५ मिळून −१.६२५, दुसरीत −२.०० आणि +०.३७५ मिळून −१.६२५. ही बेरीज जुळली, सिलिंडरचा आकडा तोच पण चिन्ह उलटं असलं आणि दोन ॲक्सिसमध्ये बरोबर ९० चा फरक असला, तर नंबर बदललेला नाही. पाव नंबराचा किंवा थोड्या अंशांचा फरक आला तरी लगेच कोणाला दोष देऊ नये. तोच डोळा, तोच तपासणारा, दुसरा दिवस, एवढ्यावरही पावाचा फरक पडतो. ‘आधी की नंतर, कोणतं स्पष्ट?’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांवरच तर शेवटचा नंबर ठरतो.

म्हणूनच कॉम्प्युटरवर डोळा तपासल्यावर निघणारी छोटी छापील पट्टी म्हणजे चिठ्ठी नव्हे. यंत्र देतं तो पहिला अंदाज. लहान मुलं यंत्रात बघताना डोळ्याचा स्नायू आवळतात आणि मायनस जास्त येतो, यासाठी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून तो स्नायू सैल करून मग नंबर काढतात. ती पट्टी दुकानात नेऊन ‘यावरून बनवा’ म्हणणं म्हणजे अर्ध्यावर तपासणी सोडून देणं.

चिठ्ठी बरोबर असूनही चष्मा चुकतो, तो बऱ्याचदा ॲक्सिसमध्ये. सिलिंडर १० अंश फिरलं की त्याच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश इतका दोष उरतो, आणि ३० अंश फिरलं तर उरलेला दोष मूळ सिलिंडरएवढाच, म्हणजे ती काच न घातल्यासारखीच, वर तिरकं दिसणं फुकट. पाऊण सिलिंडरवाल्या आपल्या मुलीला ५ अंशांची चूक बहुतेक कळणारही नाही. तीन सिलिंडरवाल्याला ती पहिल्या तासात कळते. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच जागच्या जागी फिरते. चौकोनी फ्रेममध्ये ती फिरत नाही, पण दांडी वाकली की सगळा चष्माच कलतो. बसस्थानकावर लांबच्या गाडीची पाटी वाचताना चष्मा हातानं किंचित तिरका केल्यावर अक्षरं जास्त स्वच्छ होत असतील, तर संशय ॲक्सिसवर घ्यायचा. डॉक्टरकडे जाण्याआधी दुकानात जाऊन फ्रेम सरळ करून घ्यावी आणि लेन्सोमीटरवर काच तपासून मागावी. दोन मिनिटांचं काम असतं.

काचेत सिलिंडर आहे की नाही, हे कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. चष्मा हातभर लांब धरून काचेतून खिडकीचा उभा गज बघायचा आणि चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवायचा. नुसता स्फिअर असेल तर गज सरळच राहतो. सिलिंडर असेल तर काचेतला गज बाहेरच्या गजापासून तुटून कलताना दिसतो. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार वाचनाच्या चष्म्यांवर हे करून पाहा. तिथं गज हलणार नाही, कारण त्यात दोन्ही डोळ्यांना सारखा प्लस स्फिअर असतो आणि सिलिंडर नसतंच. ज्याला दीड सिलिंडर आहे त्याला तो चष्मा ‘कमी पॉवरचा’ वाटतो आणि तो आणखी जास्त पॉवरचा घेतो.

सिलिंडर ही काही आजकालची फॅशन नव्हे. थॉमस यंगनं १८०१ साली स्वतःच्या डोळ्यातला हा दोष वर्णन केला होता. पुढं जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञानं आपल्या डाव्या डोळ्याचं मोजमाप करून १८२५ च्या सुमारास इप्सविचच्या एका कारागिराकडून सिलिंडरचं भिंग घासून घेतलं. डॉक्टरांनी नाही, आकाश बघणाऱ्यानं आधी हा चष्मा लावला, याची मला गंमत वाटते.

मग काळजी कधी करायची? चिठ्ठ्या एकाच पद्धतीत आणून ठेवल्यावरही सिलिंडर वर्षा-सहा महिन्यांत एक-दीडनं वाढताना दिसलं, ॲक्सिस दर वेळी इकडून तिकडे जात असला, नवा चष्मा लावूनही नजर पूर्ण येत नसली आणि मुलगा किंवा मुलगी खाज येते म्हणून डोळे सारखे चोळत असेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊन भागणार नाही. कॉर्निया पातळ होऊन पुढं येणारा केराटोकोनस हा आजार बहुधा पौगंडावस्थेत अशाच आकड्यांतून डोकं वर काढतो. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी ही तपासणी त्यासाठी करतात, आणि ती करताना नेत्रतज्ज्ञ पहिल्यांदा मागतात त्या जुन्या चिठ्ठ्याच.